गैरहजेरीचं मस्टर आणि मॅस्लोची उतरंड

प्रश्न: सर, एमबीए एचआरच्या दुसऱ्या सत्रात आहे. मॅस्लोची गरजांची उतरंड, हर्झबर्ग, ॲडम्स, व्रूम सगळं पाठ आहे, पण केस समोर आली की कोणती थिअरी कुठे लावायची तेच कळत नाही. उदाहरणंही सगळीकडे तीच: कॅन्टीन म्हणजे शारीरिक गरज, पीएफ म्हणजे सुरक्षितता. कंपनीत हे खरंच वापरतात का, आणि वापरतात तर कसं?

उत्तर:

वापरतात. फक्त सोयीसुविधांच्या यादीवर लेबलं लावण्यासाठी वापरत नाहीत. कॅन्टीन पहिल्या पायरीवर, पीएफ दुसऱ्या, 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' चौथ्या, अशी वाटणी केली तरी उद्या सकाळी काय करायचं ते त्यातून कळत नाही. यातली प्रत्येक थिअरी मुळात एक वेगळा प्रश्न विचारते. मॅस्लो विचारतो, या माणसाला आत्ता सगळ्यांत जास्त टोचणारी उणीव कोणती? ॲडम्स विचारतो, तो स्वतःची तुलना कोणाशी करतोय? व्रूम विचारतो, मेहनत केली तर जमेल, जमलं तर मिळेल आणि मिळेल ते मला हवंय, या तिन्ही गोष्टींवर त्याचा भरवसा आहे का? आणि हर्झबर्ग विचारतो, तक्रार मिटली म्हणजे काम आवडायला लागलं असं तुम्ही धरून चाललाय का? केस आली की यातली एक थिअरी निवडायची नसते. हे प्रश्न एकामागून एक विचारायचे आणि जिथे पुरावा हाताला लागेल तिथे खोल जायचं.

केसकडे वळण्याआधी मॅस्लोबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण वर्गात शिकवला जाणारा मॅस्लो आणि त्याने लिहिलेला मॅस्लो यांत बरंच अंतर आहे. त्याचा मूळ निबंध १९४३ सालचा. त्यात पिरॅमिड नाही. तो त्रिकोण पुढे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी काढला आणि तोच चित्र म्हणून रूढ झाला. त्रिकोणामुळे अशी समजूत होते की खालची पायरी पूर्ण भरली की मगच माणूस वरच्या पायरीवर चढतो. मॅस्लोने त्याच निबंधात हे स्पष्ट नाकारलं आहे. समजावून सांगण्यासाठी त्याने मनानेच काही आकडे धरले: सर्वसाधारण माणसाची शारीरिक गरज ८५ टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची ७०, आपलेपणाची ५०, सन्मानाची ४० आणि आत्मपूर्तीची १०. म्हणजे पाचही गरजा एकाच वेळी, कमीअधिक प्रमाणात, चालू असतात. आणि माणसाच्या एका वागण्यामागे बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त गरजा असतात, हेही त्याने सांगितलं आहे. ही दोन वाक्यं लक्षात ठेवलीत तर पुढची केस सोपी जाईल.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. ही गरज म्हणजे हेल्मेट, सेफ्टी शूज आणि आग विझवण्याची नळकांडी, असं विद्यार्थी लिहितात. मॅस्लोने मोठ्या माणसांच्या बाबतीत दिलेली उदाहरणं आहेत टिकाऊ नोकरी, बचत खातं आणि विमा. उद्याचा दिवस आजसारखाच जाईल याची खात्री, हा त्याचा गाभा. कामाच्या ठिकाणी ही खात्री बऱ्याचदा एका तारखेत असते, पगाराच्या.

आता केस. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. मशीन शॉपमध्ये १२० माणसं: ४५ कंपनीच्या रोलवर, ७५ ठेकेदाराची. दोन पाळ्या, फर्स्ट आणि सेकंड, दर आठवड्याला बदलणाऱ्या. गैरहजेरी सरासरी १४ टक्के. प्रॉडक्शनवाल्यांचं म्हणणं असं की मुलांना कामाची ओढच नाही, यांना काहीतरी मोटिव्हेशनल ट्रेनिंग द्या. व्यवस्थापनाने त्याआधीच एक योजना आणली होती: महिन्यात एकही खाडा नाही तर १,५०० रुपये, एक जरी झाला तर काही नाही. योजना सुरू होऊन चार महिने झाले होते आणि १४ चे १४ च होते.

अशा वेळी थिअरी उघडण्याआधी मस्टर उघडायचं. सरासरी आकडा काहीच सांगत नाही. तो फोडावा लागतो. आम्ही तो तीन प्रकारे फोडला: रोलप्रमाणे, पाळीप्रमाणे आणि महिन्यातल्या तारखेप्रमाणे. रोलप्रमाणे पाहिलं तर पर्मनंट लोकांची गैरहजेरी ६ टक्के आणि ठेक्यावरच्यांची १९. पाळीप्रमाणे पाहिलं तर पर्मनंट दोन्ही पाळ्यांत सारखेच, पण ठेक्यावरची मुलं फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात १२ टक्के गैरहजर आणि सेकंडच्या आठवड्यात २६. तारखेप्रमाणे पाहिलं तर दर महिन्याच्या ८ ते १२ तारखेला ठेक्यावरच्या मुलांचे खाडे वाढत होते, आणि पर्मनंटचे नाही.

इथेच 'ओढ नाही' हे निदान गळून पडतं. ओढ नसलेला माणूस फर्स्ट शिफ्टला येतो आणि सेकंडला येत नाही, ९ तारखेला दांडी मारतो आणि २० तारखेला हजर असतो, असं होत नाही. तारीख आणि पाळी बघून कमीजास्त होणाऱ्या गैरहजेरीचं कारण माणसाच्या स्वभावात शोधू नये.

मग माणसांशी बोलायचं. 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं की सगळे 'पगार वाढवा' म्हणतात, आणि ते खरंही असतं, पण त्यातून निदान होत नाही. आम्ही विचारलं, 'मागच्या महिन्यात ज्या दिवशी आला नाहीस, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?' हा प्रश्न सुपरवायझरने विचारायचा नाही आणि एचआरच्या केबिनमध्ये बोलावूनही नाही. चहाच्या सुट्टीत, टपरीवर, एकेकट्याला. घडलेला एक विशिष्ट प्रसंग विचारला की माणूस मत न देता हकिकत सांगतो. हर्झबर्गने आपल्या संशोधनात वापरलेली पद्धत याच जातीची होती.

सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटायची. पर्मनंट लोकांना कंपनीची बस होती. ठेक्यावरच्या मुलांना नव्हती, आणि त्या वेळी रस्त्यावर शेअर रिक्षाही मिळत नव्हती. ज्याच्याकडे गाडी त्याच्या मागे तिघं बसून जायची. तो एक आला नाही की चौघांची दांडी. एका मुलाला पंधरा दिवसांपूर्वी परतताना हायवेवर लुटलं होतं आणि ती बातमी सगळ्या खोल्यांमध्ये पोचली होती. ८ ते १२ तारखेचं कारण वेगळं होतं. कायद्याप्रमाणे पगार ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. ठेकेदार १२ किंवा १३ ला करत होता. तोवर हातात पैसे नसायचे, म्हणून मुलं दोन-तीन दिवस केटरिंगला किंवा माल उतरवायला जात, कारण तिथे संध्याकाळी रोख मिळतात. पाळी बुडवणं हा त्यांच्या दृष्टीने नीट हिशेब करून घेतलेला निर्णय होता.

मॅस्लो इथे कामाला येतो. ही मुलं उपाशी नव्हती, अंगावर कपडा होता, डोक्यावर छप्पर होतं. पण रात्री खोलीवर धडपणे पोचू का आणि भाड्याच्या दिवशी पैसे हातात असतील का, या दोन गोष्टींची खात्री नव्हती. ही उणीव जोपर्यंत टोचते तोपर्यंत बक्षिसाचा, भाषणाचा, भिंतीवरच्या पोस्टरचा परिणाम शून्याच्या आसपास राहतो. बघा, इथे मॅस्लोने आपल्याला 'काय द्या' सांगितलं नाही. 'आधी काय बघा' एवढंच सांगितलं, आणि तेवढंच पुरेसं होतं.

पण पायऱ्यांचा क्रम पोलादी नसतो हेही याच मुलांनी दाखवलं. पगार अडकलेला असतानाही त्यातला एक मुलगा रोज वीस मिनिटं लवकर येऊन नव्या आलेल्या गाववाल्याला मशीनवर जॉब लावायला शिकवत होता. त्यातून त्याला एक रुपया मिळत नव्हता. सुरक्षिततेची गरज अर्धवट असताना आपलेपणाची आणि सन्मानाची गरज एकाच वेळी काम करत होती. उलट बाजूने, दोन-तीन मुलांनी बस किंवा पैशाआधी जी गोष्ट सांगितली ती ही होती की सुपरवायझर त्यांना नावाने हाक मारत नाही. 'ए कॉन्ट्रॅक्ट, इकडे ये' म्हणतो. तुमचं पुस्तक म्हणेल की सुरक्षिततेची पायरी भरल्याशिवाय सन्मानाचा विषय निघणार नाही. तो निघतो. माणसाचा अपमान त्याच्या पगाराच्या तारखेची वाट बघत नाही. क्लेटन आल्डरफरने १९६९ साली मॅस्लोच्या पाच गरजा तीन गटांत बसवताना एकाहून अधिक गरजा सोबतच चालतात याला जागा ठेवली, आणि वरची गरज अडवली गेली की माणूस खालच्या गरजेसाठी जास्त आग्रही होतो असंही मांडलं. मान मिळत नसलेला कामगार वीस रुपयांच्या भत्त्यासाठी हट्ट धरतो तेव्हा हे आठवा. वाद वीस रुपयांचा दिसतो, पण तो तेवढ्याचाच असतो असं नाही.

आता ॲडम्स. जे. स्टेसी ॲडम्सने १९६३ साली मांडलेली समन्यायाची थिअरी थोडक्यात अशी: मी कामात काय घालतो आणि मला काय मिळतं याचं गुणोत्तर मी दुसऱ्या कोणाच्या तरी गुणोत्तराशी लावून बघतो. ते कमी दिसलं की मी काहीतरी करून ते बरोबरीला आणतो. पगारवाढ मागतो, काम कमी करतो, दांडी मारतो, तुलनेचा माणूस बदलतो किंवा सोडून जातो.

परीक्षेत इथे सरळ उत्तर लिहिलं जातं: ठेक्यावरचा १६,००० घेतो, शेजारच्या मशीनवरचा पर्मनंट ३८,०००, म्हणून असमाधान. तर्काने बरोबर आहे. पण तुलना कोणाशी हे तर्काने ठरवायचं नसतं, विचारायचं असतं. आमच्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी पर्मनंटशी तुलना केलीच नाही. 'ते जुने आहेत, त्यांचं युनियनचं एग्रीमेंट आहे' असं म्हणून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला होता. त्यांची तुलना होती त्याच गेटमधून आत येणाऱ्या दुसऱ्या ठेकेदाराच्या मुलांशी. पेंट शॉपमधल्या त्या मुलांना रोजचे तीस रुपये जास्त मिळत होते आणि पगार ७ तारखेला होत होता. तीस रुपयांचा फरक डोळ्यांत खुपत होता, बावीस हजारांचा नाही. फरक किती मोठा आहे यापेक्षा 'तो माझ्यासारखाच आहे' असं वाटणं जास्त जोरात काम करतं. बावीस हजारांचा फरक न्याय्य आहे असा याचा अर्थ नव्हे, आणि सारखंच काम करणाऱ्या ठेका कामगाराच्या वेतनाचा प्रश्न कायद्याचाही आहे. पण त्या महिन्याची गैरहजेरी ज्या कारणाने होत होती ते कारण शोधताना तुलनेचा माणूस चुकीचा धरला असता तर उपायही चुकला असता.

मला सगळ्यांत उपयोगी वाटणारा भाग व्रूमचा आहे, कारण तो योजना तपासायला शिकवतो. व्हिक्टर व्रूमने १९६४ साली म्हटलं की प्रेरणा तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते: प्रयत्न केला तर जमेल ही अपेक्षा, जमलं तर ठरलेलं फळ मिळेल हा भरवसा, आणि त्या फळाची स्वतःला वाटणारी किंमत. गुणाकार आहे, बेरीज नाही. म्हणून तिघांतलं एक शून्य झालं की बाकीचे दोन कितीही मोठे असले तरी उत्तर शून्य.

आता ती १,५०० रुपयांची योजना या तीन प्रश्नांखाली धरू. पहिला प्रश्न, जमेल का? समजा एक प्रामाणिक मुलगा आहे आणि कोणत्याही एका दिवशी तो कामावर पोचण्याची शक्यता १०० पैकी ९८ आहे. ताप, गाडी बंद पडणं, घरचा निरोप, यासाठी दोन सोडले. महिन्याचे कामाचे दिवस २६. सव्वीसच्या सव्वीस दिवस हजर राहण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा २६ वेळा गुणाकार, म्हणजे साधारण ०.५९. इतका नियमित मुलगासुद्धा दहांतल्या चार महिन्यांत बक्षिसाला मुकतो. ज्याची रोजची शक्यता ९० आहे, त्याच्यासाठी हाच गुणाकार ०.०६ वर येतो. म्हणजे ज्यांची हजेरी सुधारायची त्यांच्यासाठीच बक्षीस जवळजवळ अशक्य, आणि जे तसेही येत होते त्यांनाच ते मिळणार.

त्यातून आणखी एक गोष्ट घडली, जी मस्टरमध्ये स्पष्ट दिसत होती. ज्यांचा पहिला खाडा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाला, त्यांचे पुढच्या तीन आठवड्यांतले खाडे योजनेनंतर वाढले होते. योजनेआधीच्या सहा महिन्यांत असा नमुना नव्हता. एकाने सरळ सांगितलं, 'पहिल्याच आठवड्यात गेलं ना सर, मग आता महिनाभर कशाला जीव काढायचा?' ४ तारखेला एक खाडा झाला की उरलेल्या दिवसांची अपेक्षा शून्य होते. योजना त्या क्षणी त्याच्यापुरती संपते, आणि तोवर केवळ सवयीने येणारा माणूसही आता हजेरीकडे बक्षिसाच्या हिशेबानेच बघू लागलेला असतो.

दुसरा प्रश्न, मिळेल का? पर्मनंटना रक्कम त्याच महिन्याच्या स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसत होती. ठेक्यावरच्यांची रक्कम कंपनी ठेकेदाराच्या बिलात देत होती आणि ती पुढे मुलांच्या हातात पोचायला दीड-दोन महिने लागत, तेही वेगळी न दाखवता. पूर्ण हजेरी लावलेल्या दोघांना आपल्याला बक्षीस मिळालं की नाही हेच ठाऊक नव्हतं. तिसरा प्रश्न, हवंय का? इथे ओव्हरटाइम आडवा येत होता. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, म्हणून दोन दिवस चार-चार तास जास्त थांबलं की दोन दिवसांची मजुरी जमते. मग एक दिवस न येऊनही कमाई कमी होत नाही. गैरहजेरीमुळे ओव्हरटाइम लागतो, ओव्हरटाइममुळे गैरहजेरी परवडते, आणि हे चक्र बक्षिसाची किंमत खाऊन टाकतं. तिन्ही ठिकाणी गळती असताना व्यवस्थापन रक्कम २,५०० करायच्या विचारात होतं. रक्कम वाढवली असती तर फक्त तिसरा आकडा हलला असता.

उपाय ठरवताना आम्ही क्रम लावला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणजे परिणाम कशाचा ते कळावं. शेजारच्या शॉपमध्ये काही बदललं नाही. तुलनेला ते उपयोगी पडलं.

पहिल्यांदा पगाराची तारीख. ठेकेदार उशीर करत होता, पण मूळ कारण कंपनीतच निघालं: सुपरवायझरचं मस्टर आणि गेटवरचे पंच यांचा मेळ महिनाअखेरीस घातला जायचा, त्यात दहा तारीख उजाडायची आणि तोवर ठेकेदाराचं बिल मंजूर व्हायचं नाही. हा मेळ दर सोमवारी मागच्या आठवड्याचा घालायला सुरुवात केली. शिवाय ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे व्यवस्थापनाला कायद्याच्या भाषेत दाखवलं. दोन महिन्यांत पगार ७ च्या आत यायला लागला आणि ८ ते १२ तारखेचा उंचवटा मस्टरमधून नाहीसा झाला. मग बस. नवीन बस लागली नाही; रात्रीच्या बसमध्ये सोळा-सतरा जागा रिकाम्या जात होत्या आणि मार्ग थोडा बदलला तर दुसऱ्या फेरीत बाकीची मुलं पोचत होती. सेकंड शिफ्टची गैरहजेरी २६ वरून १५ च्या आसपास आली. ती १२ वर आली नाही. काही मुलांना सेकंड शिफ्टनंतर झोपायला जागाच नीट नव्हती, एका खोलीत दोन्ही पाळ्यांची मुलं राहत होती, आणि ते कंपनीच्या हातात नव्हतं.

बक्षीस शेवटी बदललं. महिन्याऐवजी आठवडा धरला: सहाही दिवस हजर तर ३०० रुपये, आणि चारही आठवडे पूर्ण झाले तर वर ३००. एकूण रक्कम तीच, १,५००. पण वर धरलेल्या त्याच मुलासाठी सहा दिवसांचा गुणाकार ०.८९ होतो, आणि बुधवारी खाडा झाला तरी सोमवारी पाटी पुन्हा कोरी. स्लिपवर वेगळी ओळ आली. पहिला खाडा लवकर झालेल्यांचे पुढचे खाडे तिसऱ्या महिन्यापासून कमी होताना दिसले. आजारी माणूस ३०० रुपयांसाठी ताप अंगावर काढून मशीनवर उभा राहू नये म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची रजा खाडा धरायची नाही असं ठरलं. हजेरीच्या प्रत्येक योजनेत ही बाजू तपासली पाहिजे.

हर्झबर्ग यानंतर येतो, कारण इथून पुढे व्यवस्थापनाचा हिरमोड झाला. बस दिली, पगार वेळेवर केला, तरी कोणी उत्साहाने काम करताना दिसेना. उलट मुलं आता कॅन्टीनच्या डाळीबद्दल बोलू लागली. फ्रेडरिक हर्झबर्गच्या मांडणीत हे अपेक्षितच आहे. त्याने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि लेखापालांना कामातले फार चांगले आणि फार वाईट प्रसंग विचारले. वाईट प्रसंगांत पगार, धोरणं, देखरेख, कामाची परिस्थिती जास्त आली; चांगल्या प्रसंगांत काहीतरी करून दाखवणं, त्याची दखल, जबाबदारी आणि कामातला रस जास्त आला. यावरून त्याने म्हटलं की असमाधान दूर झालं की मिळतं ते असमाधान नसणं. समाधान त्याहून वेगळ्या गोष्टींतून येतं. या थिअरीवर एक ठोस आक्षेप आहे: चांगलं झालं तर माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईट झालं तर बाहेरच्या परिस्थितीला दोष देतो, त्यामुळे असे दोन गट पद्धतीमुळेच पडले असतील. शिवाय अभियंत्यांचं उत्तर १६,००० वर राबणाऱ्या मुलाला जसंच्या तसं लावता येत नाही. त्याच्यासाठी पगार 'फक्त तक्रार मिटवणारी गोष्ट' नसतो. तरीही एक काम हर्झबर्ग चोख करतो: बस देऊन उत्साहाची अपेक्षा करणाऱ्याला तो थांबवतो. बसने बसचं काम केलं होतं.

उत्साहासाठी कामातच बदल हवा होता. सीएनसीवरचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा, ऑपरेटर फक्त जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावत आणि काढत होता. टूल झिजलं की माप सरकतं, ते ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनमधला मापाचा आकडा बदलून, दुरुस्त करायला सेटरची, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या माणसाची, वाट बघावी लागे. रिजेक्शनचे आकडे पुढच्या आठवड्यात फलकावर यायचे, तेव्हा कोणत्या पाळीतला, कोणाचा जॉब हे सांगता येत नसे. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाची जी वैशिष्ट्यं सांगितली, त्यांतली स्वायत्तता आणि कामातूनच मिळणारी परतीची माहिती, या दोन्ही इथे जवळजवळ नव्हत्या. एका लाइनवर निवडक ऑपरेटरना ठरावीक मर्यादेत ऑफसेट द्यायचं प्रशिक्षण आणि परवानगी दिली, आणि मोजमापाचं टेबल लाइनच्या तोंडाशी आणलं, म्हणजे आपला जॉब पास झाला की नाही हे त्याच तासाला कळेल. मर्यादा आखून देणं महत्त्वाचं. त्याहून जास्त फरक असेल तर मशीन थांबवून सेटरला बोलवायचं. प्रशिक्षण घेतलेल्या दहांपैकी सहा जणांनी ते मनापासून घेतलं. चौघांनी काही दिवसांनी परत सेटरलाच बोलवायला सुरुवात केली. त्यांना जास्तीची जबाबदारी नको होती, आणि हॅकमन-ओल्डहॅम यांच्या मांडणीतही हे आहे: वाढीची ओढ प्रत्येकात सारखी नसते. त्या चौघांना कमी लेखण्याचं कारण नाही. त्यांतले दोघे शॉपमधले सर्वांत नियमित कामगार होते.

तुमच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने एक सावधगिरी. मॅस्लोच्या पायऱ्यांचा क्रम संशोधनात फारसा सिद्ध झालेला नाही. १९७६ साली महमूद वाहबा आणि लॉरेन्स ब्रिडवेल यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पाच गरजांच्या वाटणीला आणि क्रमाला पुरेसा आधार सापडला नाही. म्हणून 'हा कामगार दुसऱ्या पायरीवर आहे' असं वाक्य कधीही अहवालात लिहू नका. 'सेकंड शिफ्टला परतीची सोय नसल्यामुळे ठेक्यावरच्या मुलांची गैरहजेरी दुप्पट आहे' असं लिहा. पहिलं वाक्य चूक ठरवता येत नाही. दुसरं ठरवता येतं: बस सुरू करा, दोन महिने मस्टर बघा, फरक पडला नाही तर कारण दुसरीकडे आहे.

आणि काही गैरहजेरी प्रेरणेची नसतेच. या सगळ्या बदलांनंतरही जूनमध्ये आकडा पुन्हा वर गेला. मराठवाड्यातली आणि विदर्भातली मुलं पेरणीला गावी गेली होती, आणि वेळेवर पेरणी झाली नाही तर घरचं वर्ष बुडतं हे त्यांना कोणत्याही बक्षिसापेक्षा नीट कळत होतं. तिथे आम्ही थिअरी लावली नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच कोण कधी जाणार याची यादी केली, पाऊस कुठे आधी येतो ते बघून आठ-आठ दिवसांच्या रजा टप्प्याटप्प्याने दिल्या, आणि ऑफसेट शिकलेल्या त्या सहा जणांना जूनपुरतं दोन लाइनवर फिरतं ठेवलं.